'चालेल' म्हणाली होती, पण 'चालेल' म्हणजे नेमकं काय?

माझी एक जुनी मैत्रीण पुण्यात फिजिओथेरपिस्ट होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आज्या तिच्याकडे वॉकर घेऊन यायच्या आणि दोन-तीन महिन्यांनी जिना चढून दाखवायच्या, तेही तिला लाडू वगैरे घेऊन. 2021 मध्ये तिच्या नवऱ्याचं अमेरिकेतल्या नोकरीसाठीच्या एच-वन बी व्हिसाच्या लॉटरीत नाव लागलं, कंपनीने विचारलं नक्की जाणार ना, चार दिवसांत कळवा. त्याने रात्री ओट्यापाशी उभं राहून तिला विचारलं, तुला चालेल ना? ती म्हणाली, चालेल. झालं, एवढंच बोलणं. सासूबाई सगळ्यांना सांगत सुटल्या, आमची सून किती समजूतदार. 2022 च्या फेब्रुवारीत दोघं न्यू जर्सीला पोचले.

वीसेक महिन्यांनी एका शुक्रवारी त्याने विचारलं, उद्या क्रिकेटला जाऊ का गं? आणि ती म्हणाली, "जा ना, तुझंच तर चाललंय सगळं." पुढचे दोन तास जे झालं ते तिने मला फोनवर सांगितलं, आणि त्यात त्याचं एक वाक्य होतं जे मी माझ्या कामात (मी समुपदेशक आहे, लग्नातली भांडणं हाच माझा रोजचा धंदा) शंभर वेळा तरी ऐकलं असेल: "पण तूच तर चालेल म्हणाली होतीस!"

तो खोटं बोलत नव्हता, आणि तीसुद्धा नाही. तिची परवानगी घेऊन आणि काही तपशील बदलून हे लिहितेय, कारण जोडीदारासाठी काहीतरी सोडणं कधी पचतं आणि कधी आत नासतं हे या एका केसमध्ये जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं मला कुठल्या पुस्तकात दिसलं नाही.

आधी एक गैरसमज बाजूला करूया. आपल्याला वाटतं की मोठा त्याग केला की मोठी खदखद आणि छोटा केला की छोटी. तसं नसतं. घरदार सोडून गेलेली माणसं वीस वर्षांनी मजेत असतात आणि दर रविवारी फक्त सासरी जेवायला जावं लागतं म्हणून कुढणारी माणसंही असतात. वस्तू किती मोठी सोडली यापेक्षा ती कशी सोडली याने फरक पडतो. मराठीत यासाठी दोन शब्दप्रयोग आहेतच की, मन मोठं करणं आणि मन मारणं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सेम दिसतात, माणूस "हो" म्हणतोय एवढंच दिसतं.

आतमध्ये काय वेगळं असतं ते एमिली इम्पेट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये छान तपासलं. त्यांनी नात्यात असलेल्या कॉलेजच्या मुलामुलींना 14 दिवस रोज लिहायला सांगितलं की आज जोडीदारासाठी काय केलं किंवा काय सोडलं, आणि का. हा "का" महत्त्वाचा. काही जण लिहायचे की तिला बरं वाटावं म्हणून, आम्ही जवळ यावं म्हणून. काही लिहायचे की भांडण नको म्हणून, ती चिडेल म्हणून, मला गिल्ट नको म्हणून. पहिल्या कारणाने केलेल्या दिवशी माणसं जास्त खूश, नात्याबद्दलही समाधानी. दुसऱ्या कारणाने केलेल्या दिवशी मूड वाईट आणि भांडणंही जास्त, म्हणजे गंमत बघा, भांडण टाळायला म्हणून सोडलं आणि भांडण झालंच. महिन्याभराने परत विचारलं तर टाळण्यासाठी सोडणाऱ्यांची नाती तुटण्याचं प्रमाणही जास्त निघालं. आता ही अमेरिकेतली लग्न न झालेली कॉलेजची पोरं होती, आपल्याकडच्या पंधरा वर्षं संसार झालेल्या माणसांना हे जसंच्या तसं लावू नये, तुटणं वगैरे आपल्याकडे एवढं सोपं नसतं, आपण तुटत नाही, आपण धुसफुसतो. पण कारणाचा मुद्दा मला रोज खरा होताना दिसतो.

मैत्रिणीला मी विचारलं, त्या रात्री चालेल म्हणालीस तेव्हा मनात काय होतं? तिने जरा वेळ घेतला. मग म्हणाली, "खरं सांगू? थोडी एक्साइटमेंट होती, खोटं कशाला बोलू. पण जास्त असं होतं की आता मी नाही म्हणाले तर आयुष्यभर मी त्याचं करिअर अडवलं असं होईल, आणि आई, सासूबाई, सगळे मलाच बोलतील." म्हणजे थोडं त्याच्यासाठी आणि बरंचसं बोलणी टाळण्यासाठी. बहुतेकांचं असंच मिक्स असतं, शंभर टक्के प्रेम किंवा शंभर टक्के भीती असं क्वचितच. आणि "चालेल" हा आपला शब्द इतका सोयीचा आहे की त्यात हे सगळं मिक्श्चर झाकलं जातं. मला मनापासून आवडेल यालाही चालेल, आणि मला नको आहे पण तुझ्याशी वाद घालायची ताकद नाही यालाही चालेलच. "बघू", "तू म्हणशील तसं", "माझं काय, मी ऍडजस्ट करेन" ही त्याचीच चुलत भावंडं.

इथे नवऱ्याला झोडपायचं नाहीये मला. तो ओट्यापाशी विचारत होता म्हणजे विचारत तरी होता. फक्त प्रश्न असा विचारला की ज्याचं एकच उत्तर सोपं होतं.

आता पुढचा भाग, जो लोकांच्या लक्षात येत नाही. सोडणं एकदाच होतं पण त्याचं बिल दर महिन्याला येतं. मैत्रिणीने नोकरी एका दिवशी सोडली, सेंडऑफला केक कापला, फोटो काढले, संपलं. पण एच-फोर म्हणजे एच-वन बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा, त्यावर शिकता येतं पण नोकरी करता येत नाही. 2015 पासून काही एच-फोर जोडीदारांना वर्क परमिट मिळायला लागलं, पण त्यासाठी ढोबळमानाने एक अट आहे की एच-वन बीवाल्याच्या ग्रीन कार्डच्या प्रक्रियेतला आय-140 नावाचा टप्पा मंजूर झालेला पाहिजे. तो मालक कंपनीने भरायचा असतो, त्याच्या आधी लेबर सर्टिफिकेशनची पायरी असते, आणि हे सगळं मिळून सहज वर्ष-दोन वर्षं खातं. शिवाय ती फिजिओ, म्हणजे वर्क परमिट मिळालं तरी आधी डिग्रीचं मूल्यमापन, मग एनपीटीई ही तिथली परीक्षा, मग राज्याचं लायसन्स. हे त्या चार दिवसांत कोणी मांडूनच बघितलं नाही. दोघांच्या डोक्यात "तिकडे गेल्यावर बघू, काहीतरी होईलच" एवढंच होतं.

आणि मग बिलं यायला लागली. डेंटिस्टच्या फॉर्मवर व्यवसाय काय लिहायचं. बँकेचं कार्ड होतं पण पगार येणारं खातं त्याचं. सगळ्यात जास्त तिला लागलं ते दिवाळीला, कारण पुण्यात असताना ती दरवर्षी स्वतःच्या पैशातून आईला साडी आणि भावाच्या मुलांना कपडे घ्यायची, आणि त्या वर्षी तिला नवऱ्याला विचारावं लागलं. तो लगेच म्हणाला, अगं विचारतेस काय, घे ना. त्याच्या दृष्टीने हा त्याचा मोठेपणा आणि तिच्या दृष्टीने हाच तर प्रॉब्लेम, की "घे ना" असं कोणीतरी म्हणावं लागतंय. तेव्हा ती काय म्हणाली? थँक्यू म्हणाली. आणि बाथरूममध्ये जाऊन रडली.

हे गिळणं फार महाग पडतं. इम्पेट आणि मंडळींनीच 2012 मध्ये हे वेगळं तपासलं, की जोडीदारासाठी काही करताना मनातली नाराजी दाबून वर हसरा चेहरा ठेवला तर काय होतं. दाबणाऱ्याला तर वाईट वाटतंच, पण समोरच्यालाही नात्यात कमी बरं वाटतं, म्हणजे ज्याच्यासाठी एवढं केलं त्यालाही त्याचं सुख मिळत नाही. मला यात नवल वाटत नाही. घरात कोणीतरी खोटं हसतंय हे कळतंच, फक्त का ते कळत नाही, मग समोरचा माणूस जपून वागायला लागतो किंवा ऑफिसात जास्त थांबायला लागतो. मैत्रिणीचा नवरा क्रिकेटला जायला लागला तो याच काळात!

आता त्याची बाजू. त्याला खरंच दिसलं नव्हतं का? मला वाटतं निम्मं दिसलं होतं. हे निम्मं मी उगाच म्हणत नाही, जोडप्यांनी एकमेकांसाठी रोज काय सोडलं आणि समोरच्याला त्यातलं काय जाणवलं याची तुलना केलेला अभ्यास आहे, त्यात साधारण निम्मे त्याग समोरच्याच्या लक्षातच आले नव्हते. शिवाय माणूस स्वतःचं केलेलं जास्त मोजतो, कारण स्वतःचं केलेलं सगळं आठवतं आणि दुसऱ्याचं जेवढं समोर घडलं तेवढंच. 1979 मध्ये रॉस आणि सिकोली या दोघांनी 37 जोडप्यांना विचारलं होतं की घरातल्या कामातला तुमचा वाटा किती, तर बहुतेक कामांमध्ये नवरा-बायकोच्या उत्तरांची बेरीज शंभरच्या वर गेली. त्यामुळे "मीच जास्त करते" आणि "मीच जास्त करतो" ही दोन्ही वाक्यं एकाच घरात अगदी प्रामाणिकपणे बोलली जाऊ शकतात.

आपल्याकडे यात अजून एक घोळ आहे. बाईने सोडलं तर ते सोडणं म्हणून मोजलंच जात नाही, ते रीत म्हणून जमा होतं. लग्न झालं, गाव बदललं, आडनाव बदललं, नोकरी बदलली, त्यात काय एवढं, सगळ्याच करतात. म्हणजे देणाऱ्याचा खर्च झाला पण पावती मिळाली नाही. आणि पुरुषाने सोडलं तर कधीकधी उलटं होतं, सगळा गाव पावती देतो पण त्याने स्वतः कधी तोंड उघडलेलं नसतं. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, सासूबाईंच्या आजारपणामुळे त्यांनी बेंगळुरूचं प्रमोशन सोडलं होतं, बायको सगळ्यांसमोर त्यांचं भरभरून कौतुक करायची, आणि ते मात्र आठ वर्षांनी प्रत्येक छोट्या खरेदीवर "आता बेंगळुरूचा पगार नाहीये आपल्याकडे" असं टोचायचे. कौतुक मिळूनही आंबलं, कारण त्या निर्णयात त्यांचं मत कोणी विचारलंच नव्हतं आणि त्यांनीही ते सांगितलं नव्हतं. ते प्रमोशन नाकारून मगच घरी सांगायला आले होते. बायको म्हणाली, मला विचारलं असतंत तर मी आईला तिकडे घेऊन चला म्हणाले असते! हे ऐकून ते जे गप्प झाले ते त्या दिवशी परत बोललेच नाहीत.

मग आपलं मन मोठं आहे की मेलंय हे ओळखायचं कसं? मी एकच गोष्ट विचारते. तुम्ही जे सोडलं त्यामुळे जोडीदाराचं काहीतरी छान झालं, समजा प्रमोशन झालं, तर ती बातमी ऐकल्या क्षणी, म्हणजे अभिनंदन म्हणायच्या आधीच्या त्या एका सेकंदात, आत काय होतं? आनंद झाला आणि थोडी हुरहुर वाटली तर ठीक आहे, हुरहुर वाटणारच, काहीतरी सोडलेलं आहे ना. पण चिमटा बसत असेल, त्याचं यश म्हणजे आपल्या खात्यातून गेलेले पैसे असं वाटत असेल, तर पाणी मुरतंय. मैत्रीण म्हणाली, त्याला लीड केलं तेव्हा मी केक आणला आणि मनात म्हणाले, हा केक माझ्या नोकरीचा आहे.

दुसरी खूण म्हणजे मनातल्या मनात वही उघडली जाते. जुन्या गोष्टी तारखेसकट आठवायला लागतात, आणि त्याने स्वतःहून ओळखावं असं वाटतं. "सांगून कळलं तर काय उपयोग" हे वाक्य कानावर आलं की मी पेन खाली ठेवते, कारण इथे माणूस सांगणं सोडून परीक्षा घ्यायला लागलेला असतो आणि समोरच्याला परीक्षा चालू आहे हेच माहीत नसतं.

आता त्या दोघांनी काय केलं ते सांगते. भांडणानंतर आठवड्याभराने ते बसले. मी मैत्रीण असल्यामुळे मी मध्ये पडले नाही, पण एक पद्धत सांगितली जी जॉन गॉटमन या अमेरिकन संशोधकामुळे बऱ्याच समुपदेशकांना माहीत आहे. प्रत्येकाने कागदावर एकात एक अशी दोन वर्तुळं काढायची. आतल्या छोट्या वर्तुळात जे सोडलं तर मी मी राहणार नाही ते लिहायचं, बाहेरच्या मोठ्यात त्याच विषयातलं जे हलवता येईल ते. अट अशी की आतलं वर्तुळ लहानच ठेवायचं, नाहीतर माणसं सगळंच आत कोंबतात.

तिने आत दोनच गोष्टी लिहिल्या. पेशंटना हात लावून करायचं काम, आणि आईला द्यायचे पैसे स्वतःचे असावेत. बाकी कुठलं शहर, किती पगार, लगेच की दोन वर्षांनी, पूर्ण वेळ की आठवड्यातून तीन दिवस, हे सगळं बाहेर. ते वाचून नवरा चकितच झाला, कारण त्याला वाटत होतं ही मला परत चल म्हणणार आहे आणि त्या भीतीने तो विषयच काढत नव्हता. त्याने आत काय लिहिलं? की हातातलं काम अर्धवट टाकून परत गेलो असं व्हायला नको, बाबांचं कर्ज फेडून व्हायला हवं. आणि बाहेरच्या वर्तुळात एक गोष्ट लिहिली जी तिला माहीतच नव्हती. कंपनीने ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू करू का असं त्याला वर्षापूर्वीच विचारलं होतं, आणि त्याने थांबवलं होतं, कारण एकदा ती सुरू झाली की मध्येच नोकरी बदलली तर बरंचसं पहिल्यापासून करावं लागतं आणि त्याला दुसरीकडे प्रयत्न करायचे होते. हे करताना तिचं वर्क परमिट त्या फाइलला बांधलेलं आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. यावर दुसरं भांडण झालं, आणि ते मला वाटतं गरजेचं होतं. तोपर्यंत ती समजत होती की तिचं अडलंय ते नशिबामुळे आणि सरकारमुळे, पण त्यातला एक भाग घरातच, समोरच्या खुर्चीवर बसलेला होता.

ठरलं ते असं. नोकरी बदलायचा विचार त्याने बाजूला ठेवला आणि प्रक्रिया सुरू करायला सांगितली, म्हणजे आता सोडायची पाळी त्याची. डिग्रीच्या मूल्यमापनाचा आणि परीक्षेचा खर्च घरखर्चातून, "तुझा कोर्स" म्हणून वेगळा नाही. मंगळवारी आणि गुरुवारी तो साडेपाचला लॅपटॉप बंद करणार आणि स्वयंपाक त्याचा, ती अभ्यासाला लायब्ररीत. तिच्या नावावर दर महिन्याला ठराविक रक्कम जाणार, आणि त्याचा हिशोब कोणी विचारायचा नाही. ही तिची कमाई नाही हे तिला माहीत आहे, ती म्हणते यातून तो दुसरा मुद्दा सुटत नाही, फक्त टोचायचा थांबतो. आणि दर पाडव्याला बसून बघायचं की अजून जमतंय का, 2026 च्या पाडव्यापर्यंत काहीच हललं नाही तर पुण्याचा पर्याय खरोखर टेबलावर. ही मुदत फार कामाची असते, कारण सोडलेल्या गोष्टीला तारीख नसली की माणसाला वाटतं हे आता कायमचंच, आणि तारीख असली की तेच ओझं उचलता येतं. मुदत पाळली जाईल याची खात्री मात्र पाहिजे, दोनदा पुढे ढकलली की तिसऱ्यांदा कोणी विश्वास ठेवत नाही.

हे फिफ्टी-फिफ्टी झालं का? नाही. तिने अजूनही जास्त सोडलेलं आहे आणि ते दोघांना मान्य आहे, तोंडाने म्हटलेलं आहे. नात्यात काटेकोर बरोबरी व्हावी लागते असं मला नाही वाटत. जे कमी-जास्त आहे ते दोघांना दिसलं पाहिजे, एवढं मात्र लागतं.

एक गोष्ट इथे नक्की सांगायला हवी. ही वर्तुळं वगैरे तिथेच चालतात जिथे नाही म्हणायची सोय आहे. नाही म्हटल्यावर आरडाओरडा, मारहाण, पैसे बंद, मुलांना दूर करायची धमकी असं काही असेल तर तिथे "चालेल" हे उत्तरच नसतं, ती जीव वाचवायची युक्ती असते, आणि तिथे कागद काढून बसा असं मी कधीच सांगणार नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात पैशांची कोंडी करणं हीसुद्धा हिंसाच धरलेली आहे आणि महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे. तो प्रश्न वेगळा आहे आणि त्याची मदतही वेगळी.

मैत्रिणीचा परवा फोन होता. लेबरची फाइल अजून सरकतेय, परीक्षेची तयारी अर्ध्यावर आहे, हिप जॉइंटचा चॅप्टर तिसऱ्यांदा वाचतेय म्हणाली. मध्ये नवऱ्याने विचारलं होतं, आईबाबांना सहा महिन्यांसाठी बोलावूया, चालेल ना? ती म्हणाली, "तीन महिने आवडेल. सहा महिने मला जड जाईल, अभ्यास होणार नाही." तो दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी त्याने साडेतीन महिन्यांची तिकिटं काढली.